तोच मुद्दा तिसऱ्या इतिवृत्तातही उघडाच? आधी वाक्य तपासा

दर बुधवारी साइटवर समन्वय बैठक होते. क्लायंटची माणसं, आर्किटेक्टच्या ऑफिसातलं कुणीतरी, आरसीसी आणि प्लंबिंगचे सल्लागार, कंत्राटदाराचे साइट इंजिनिअर असे नऊ-दहा जण बसतात आणि मी इतिवृत्त लिहिते. साइटवर त्याला सगळे एमओएमच म्हणतात. ते वेळेवर जातं, सगळ्यांना मिळतं, कुणी हरकत घेत नाही. तरीही पुढच्या बुधवारी तोच मुद्दा जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा लिहावा लागतो. तिसऱ्या खेपेला फरक इतकाच असतो की ‘लवकरात लवकर’च्या जागी ‘तातडीने’ आलेलं असतं.

असं झालं की पहिला राग माणसांवर निघतो: लोक कामं करत नाहीत, फॉलोअप कमी पडतो. मीही बरेच दिवस फोन वाढवले, मेलच्या विषयात ‘तिसरी आठवण’ लिहिलं. पण परत परत येणारे मुद्दे मागे जाऊन वाचले तेव्हा दिसलं की त्यातल्या बहुतेकांत दोष माझ्या वाक्यातच होता. वाक्यच असं होतं की त्यावरून कुणाला काम करताच येणार नव्हतं. तुमच्या टीममध्येही हे होत असेल, तर फोन करण्याआधी ते वाक्य कसं तपासायचं ते एका खऱ्या प्रसंगावरून सांगते. नावांऐवजी पदं लिहिली आहेत; खऱ्या इतिवृत्तात मात्र माणसाचं नावच हवं.

काय झालं होतं

जून २०२४. चौथ्या मजल्याचा स्लॅब शनिवारी, २९ जूनला टाकायचा होता. मजल्यावर चार फ्लॅट, आठ टॉयलेट. टॉयलेटचा स्लॅब संकन, म्हणजे खाली दाबलेला, आणि त्यातून निघणारा ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप बीममधून आरपार डक्टमध्ये जाणार. बीम ओतण्याआधी त्या जागी शटरिंगमध्ये पाइपापेक्षा मोठा स्लीव्ह बसवावा लागतो. तो राहिला तर काँक्रीट घट्ट झाल्यावर कोअर कटिंग करून भोक पाडावं लागतं, आणि बीममध्ये भोक पाडायचं तर सळई कापली जाण्याचा धोका असतो.

तीन बुधवारच्या माझ्या तीन नोंदी अशा होत्या:

> १२ जून, बैठक १४, मुद्दा ३. चौथ्या मजल्यावरील टॉयलेटच्या स्लीव्हबाबत चर्चा झाली. ड्रॉइंग लवकरात लवकर देण्यात यावे. कार्यवाही: सर्व संबंधित.
>
> १९ जून, बैठक १५, मुद्दा ५. स्लीव्ह ड्रॉइंगचा पाठपुरावा करण्यात यावा. कार्यवाही: प्लंबिंग.
>
> २६ जून, बैठक १६, मुद्दा २. स्लीव्ह ड्रॉइंग तातडीने देण्यात यावे. कार्यवाही: प्लंबिंग / आरसीसी.

२९ तारखेला स्लॅब झाला, स्लीव्हशिवाय. आठपैकी पाच ठिकाणी आरसीसी सल्लागारांनी सळई स्कॅन करून मगच कोअर कटिंगला परवानगी दिली. उरलेल्या तीन ठिकाणी बीमला हात लावू नका म्हणाले, म्हणून तिथले पाइप दुसरीकडून वळवावे लागले.

प्लंबिंग सल्लागारांना मी विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर सरळ होतं: कमोड कुठला बसणार हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीला टांगलेला कमोड असेल तर त्याचा पाइप फरशीच्या वरच्या पातळीवर भिंतीतून बाहेर पडतो. जमिनीवर बसणारा, खाली निकास असलेला कमोड असेल तर पाइप संकनमध्ये उतरतो आणि बीममधून जातो. म्हणजे स्लीव्हची जागा कमोडवर ठरते. १२ जूनच्या बैठकीत क्लायंटचे प्रोजेक्ट हेड म्हणाले होते, “टांगलेलाच बघू, पण बजेट बघून सांगतो.” माझ्या वहीत ते वाक्य होतं. इतिवृत्तात मात्र मी लिहिलं, ‘चर्चा झाली’.

पहिली तपासणी: हा मुद्दा काम आहे की न झालेला निर्णय?

परत येणाऱ्या मुद्द्याला पहिल्यांदा हाच प्रश्न विचारा, कारण बाकी सगळी दुरुस्ती यानंतरची आहे. वरच्या तिन्ही नोंदींत मी ड्रॉइंग मागत राहिले, आणि ज्यांच्याकडे मागत होते त्यांना ते काढणं शक्यच नव्हतं. खरी अडचण क्लायंटच्या निर्णयाची होती, पण त्यांचं नाव तिन्ही नोंदींत कुठेच नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. ज्याच्या नावावर काम आहे त्याला इतकंच विचारा: “आज दुपारी बसलात तर हे पूर्ण करता येईल का?” उत्तर “हो, फक्त वेळ हवा” असं आलं तर ते काम आहे. “हो, पण आधी अमुक कळायला हवं” असं आलं, तर त्या ‘पण’नंतर जे येतं तोच खरा मुद्दा. त्याला वेगळा क्रमांक द्या, वेगळं नाव द्या.

आमच्याकडे ‘बघू’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’ हे शब्द बैठकीत सतत ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटतं ठरलं. बोलणाऱ्याने मात्र मोकळीक ठेवलेली असते. मी आता ‘बघू’ ऐकलं की तिथेच थांबून विचारते, “हे ठरलं म्हणून लिहू की निर्णय बाकी म्हणून?” सुरुवातीला वरिष्ठांना असं विचारताना संकोच वाटायचा. पण प्रश्न असा दोन पर्यायांचा ठेवला की कुणाला अपमान वाटत नाही, आणि बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, “बाकी लिहा, शुक्रवारी सांगतो.”

निर्णय बाकी असेल तर त्याच्या नोंदीत एक गोष्ट जास्त लागते: तो न झाल्यास काय अडेल. हे धमकीसाठी लिहायचं नाही. निर्णय देणाऱ्याला साइटचा क्रम माहीत नसतो, त्याच्यासाठी लिहायचं. कमोडची निवड त्यांच्या दृष्टीने सहा महिन्यांनंतरची गोष्ट होती. ती २९ जूनच्या काँक्रीटच्या आधी लागते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी तपासणी: वाक्यात करणारा आहे का?

‘देण्यात यावे’, ‘करण्यात येईल’, ‘पाठपुरावा करण्यात यावा’. ही भाषा आपण सरकारी इतिवृत्तांतून उचलली. मराठीत हे वाक्य कर्ता न सांगताही पूर्ण वाटतं, आणि तिथेच घात होतो. ‘ड्रॉइंग देण्यात यावे’ यात व्याकरणाची चूक नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला काही राहिल्यासारखं वाटत नाही. वाचणारे दहाही जण ते वाचतात आणि पुढे जातात.

म्हणून माझा आता एकच नियम आहे: कार्यवाहीचं प्रत्येक वाक्य माणसाच्या नावाने सुरू करायचं. ‘अमुक यांनी’ असं सुरू केलं की पुढे ‘काय द्यायचं’ आणि ‘कधी’ हे आपोआप लिहावंच लागतं. नाव माहीत नसेल तर वाक्य सुरूच होत नाही, आणि ते बैठकीतच लक्षात येतं, रात्री लिहायला बसल्यावर नाही.

नाव म्हणजे एकाच माणसाचं. ‘प्लंबिंग / आरसीसी’ यातल्या तिरक्या रेघेचा अर्थ प्रत्येकाने आपल्या सोयीचा घेतला. प्लंबिंगवाल्यांना वाटलं आरसीसीकडून काहीतरी यायचं आहे, आरसीसीवाले ड्रॉइंगची वाट बघत होते. दोन माणसं लागत असतील तर ते एक काम नसतं, एकामागून एक करायची दोन कामं असतात. त्यांना दोन ओळी द्या. ‘सर्व संबंधित’ हा शब्द तर मी टेम्प्लेटमधूनच काढून टाकला. आणि रकान्याचं नाव ‘कार्यवाही’ ठेवा. काही टेम्प्लेटमध्ये तिथे ‘कारवाई’ लिहिलेलं असतं, आणि कारवाई म्हटलं की माणसाला शिक्षा आठवते.

बैठकीला नसलेल्या माणसाच्या नावावर काम टाकायचं झालं, तर इतिवृत्त पाठवण्याआधी त्याला फोन करते. तो हो म्हणाला तरच त्याचं नाव लिहिते. तोवर ते काम बैठकीला हजर असलेल्या त्यांच्या सहकाऱ्याच्या नावावर, आणि काम असं: ‘अमुक यांच्याशी बोलून तारीख कळवावी’. गैरहजर माणसाला आपल्यावर काम आहे हे चार दिवसांनी मेलच्या चौथ्या पानावर कळतं, आणि मग तो ते करत नाही यात नवल नाही.

तिसरी तपासणी: तारीख वाचणाऱ्यालाही तीच कळेल का?

‘तातडीने’ ही तारीख नाही, हे सगळ्यांना पटतं. पण ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ या शब्दांनीही मी फसले आहे. तेव्हा बैठक बुधवारी व्हायची, इतिवृत्त गुरुवारी संध्याकाळी जायचं, आणि साइटवरचा माणूस ते शुक्रवारी उघडायचा. त्याच्यासाठी ‘उद्या’ म्हणजे शनिवार. ‘परवा’ तर मराठीत मागचाही असतो आणि पुढचाही. ‘पुढच्या बुधवारी’ म्हणजे हा येणारा की त्यानंतरचा, यावर आमच्या बैठकीत एकदा खरंच दोन मतं निघाली होती. तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही लिहिते. दोन्ही लिहिल्यावर चूक झाली तर ती दिसते, कारण वार आणि तारीख जुळत नाहीत.

तारीख पुढच्या बैठकीच्या दिवसाची देऊ नका. बुधवारची तारीख दिली की माणूस कागद घेऊन थेट बैठकीतच येतो, कुणी तो वाचलेला नसतो, आणि मुद्दा आणखी एक आठवडा पुढे जातो. मी मंगळवार, दुपारी ४ अशी वेळ देते. तारीख देताना कॅलेंडरही उघडं ठेवते. त्याच महिन्यात सोमवारी, १७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती, आणि पुढच्या महिन्यात १७ जुलैला आषाढी एकादशी नेमकी बुधवारी, आमच्या बैठकीच्या दिवशीच आली. कॅलेंडर न बघता तारखा दिल्या की त्या बरोबर अशा दिवसांवर पडतात.

आणि जिथे कामांची साखळी असते तिथे तारीख शेवटाकडून मागे मोजायची. कुणी “चार दिवसांत देतो” म्हणालं म्हणून ती तारीख चालेलच असं नाही. पुढच्या माणसाला किती दिवस लागतात ते आधी विचारावं लागतं.

तीच नोंद, नीट लिहिलेली

१२ जूनला मी हे असं लिहायला हवं होतं. स्लॅब २९ जूनला, स्लीव्ह बसवून तपासणी २७ पर्यंत, त्याआधी आरसीसीची मंजुरी, त्याआधी ड्रॉइंग, त्याआधी कमोड.

> १४.३ निर्णय बाकी. चौथ्या मजल्याच्या आठ टॉयलेटमध्ये कमोड भिंतीला टांगलेला की जमिनीवर बसणारा. क्लायंटचे प्रोजेक्ट हेड यांनी शुक्रवार, १४ जून २०२४, संध्याकाळी ६ पर्यंत सर्वांना मेलने कळवावे. न कळल्यास स्लीव्हची जागा ठरणार नाही आणि २९ जूनचा स्लॅब पुढे ढकलावा लागेल.
>
> १४.३.१ प्लंबिंग सल्लागार यांनी निर्णय मिळाल्यावर स्लीव्हच्या जागा आणि पातळी दाखवणारे ड्रॉइंग मंगळवार, १८ जून, दुपारी ४ पर्यंत आरसीसी सल्लागार यांना पाठवावे.
>
> १४.३.२ आरसीसी सल्लागार यांनी बीममधील छिद्रांना मंजुरी किंवा बदल शनिवार, २२ जूनपर्यंत ड्रॉइंगवर सही करून द्यावेत.
>
> १४.३.३ कंत्राटदाराचे साइट इंजिनिअर यांनी मंजूर ड्रॉइंगनुसार आठही स्लीव्ह बसवून प्रत्येकाचा फोटो गुरुवार, २७ जून, दुपारी ४ पर्यंत पाठवावा.

बघा, पहिल्या ओळीत ‘चर्चा झाली’ कुठेच नाही. कोण काय म्हणालं, किती वेळ वाद झाला हे या नोंदीत लागत नाही. मात्र निर्णय झाला असता तर त्याचं कारण मी एका वाक्यात लिहिलं असतं: ‘देखभाल सोपी म्हणून जमिनीवर बसणारा’ असं. दोन महिन्यांनी कुणीतरी तोच विषय पुन्हा काढतं, तेव्हा कारण लिहिलेलं असलं की पुन्हा पहिल्यापासून वाद होत नाही.

प्रत्येक ओळीच्या शेवटी हातात येणारी वस्तू आहे: मेल, ड्रॉइंग, सही, फोटो. ‘समन्वय साधावा’, ‘लक्ष द्यावे’ अशी कामं कधी बंद करताच येत नाहीत, कारण ती झाली हे दाखवायचं कसं? माणूस म्हणतो, “मी लक्ष देतोय,” आणि ते खरंही असतं.

मुद्द्याचा क्रमांक शेवटपर्यंत तोच ठेवा. वर माझ्या चुकीच्या नोंदींत हाच मुद्दा १४ मध्ये ३, १५ मध्ये ५ आणि १६ मध्ये २ झाला होता. त्यामुळे तो तिसऱ्यांदा आलाय हे कुणाला कागदावरून दिसतच नव्हतं. १४.३ हा अठराव्या बैठकीतही १४.३ म्हणूनच आला, तर क्रमांकच त्याचं वय सांगतो.

वाक्य ठीक असूनही मुद्दा उघडाच राहिला तर

तारखा सरकतातच. दुरुस्ती अशी की जुनी तारीख पुसायची नाही. यादीत ‘मूळ तारीख’ आणि ‘नवी तारीख’ असे दोन रकाने ठेवा. नवी तारीख देताना कारण एका ओळीत विचारा. एकाच कामाची तारीख दुसऱ्यांदा सरकली की मी ते पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घेते आणि पुन्हा पहिली तपासणी करते: याच्याआधी काही अडकलंय का? बहुतेकदा अडकलेलं असतं.

यादी एक्सेलमध्ये असेल तर मुदत उलटलेली कामं हाताने शोधू नका. समजा ई रकान्यात चालू तारीख आणि एफ रकान्यात स्थिती आहे:

```
=COUNTIFS(F2:F200,"चालू",E2:E200,"<"&TODAY())
```

हा आकडा नेहमी शून्यच दाखवत असेल तर खूश होऊ नका, तारखा तपासा. `19.06.2024` असं ठिपके देऊन लिहिलं की आपल्याकडच्या सेटिंगमध्ये एक्सेल ते बहुधा मजकूर म्हणून धरतो आणि मोजत नाही. रकान्याची मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. नजर टाकली की कळतं. ‘चालू’च्या मागे चुकून एक मोकळी जागा राहिली तरी ती ओळ मोजणीतून सुटते, म्हणून स्थितीचा रकाना ड्रॉपडाउनचा ठेवा.

बैठकीची शेवटची सात-आठ मिनिटं मी आता फक्त वाचनासाठी ठेवते. लिहिलेल्या ओळी मोठ्याने वाचते, नाव आलं की त्या माणसाकडे बघते. “तसं नाही म्हणालो मी” हे वाक्य इथेच यायला हवं, मेलवर नाही. त्यामुळे त्याच संध्याकाळी इतिवृत्त पाठवता येतं. खाली एक ओळ असते: दोन कामाच्या दिवसांत दुरुस्ती न कळवल्यास हे मान्य समजले जाईल. एकदा पाठवलेली फाइल मी पुन्हा बदलत नाही. दुरुस्ती आली तर ती पुढच्या इतिवृत्ताच्या सुरुवातीला, कुणी कळवली आणि काय बदललं यासह लिहिते. नाहीतर दोन लोकांकडे एकाच तारखेची दोन इतिवृत्तं राहतात, आणि वाद झाला की दोघंही आपापली दाखवतात.

इतिवृत्ताने सुटत नाही असं

पैसे किंवा कामाची व्याप्ती बदलणारा निर्णय फक्त इतिवृत्तात लिहून भागत नाही. कोअर कटिंगचा खर्च कुणाचा, हे आम्ही बैठकीत बोललो. मी ते लिहिलंही, आणि तरी बिलाच्या वेळी कंत्राटदाराकडे दाखवायला लेखी सूचना नव्हती. अशा मुद्द्यासाठी आता एक वेगळी कार्यवाहीची ओळ जाते: करारानुसार ज्याला अधिकार आहे त्या माणसाचं नाव, ‘लेखी सूचना द्यावी’, आणि तारीख. ती सूचना आली की तिचा क्रमांक आणि दिनांक त्याच ओळीत लिहून मगच मुद्दा बंद करते.

सुरक्षिततेच्या बाबतीत इतिवृत्ताची वाटच बघायची नाही. परांची हलतेय असं बैठकीत कुणी म्हणालं तर बैठक थांबवून तिथे जायचं. काम थांबवलं, कोणी थांबवलं, किती वाजता, हे नंतर लिहायचं.